बिना रेझिस्टरची एलईडी का उडते? आणि ३९० हा आकडा येतो कुठून?

डिप्लोमा_पहिलं_वर्ष
नमस्कार. मी सोलापुरात पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला आहे. नवी पेठेतून ५ मिमीच्या लाल एलईडी आणल्या आणि त्यातली एक नव्याकोऱ्या ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीला सरळ लावली. लखकन पेटली, लालची नारिंगी झाली आणि संपली. माझ्या मित्राने मात्र त्याच पाकिटातली एलईडी नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलला (सीआर२०३२) रेझिस्टर न लावता अडकवली आहे आणि ती मजेत चालू आहे.

दुकानदार म्हणाला, "३९० चा रेझिस्टर टाक." पण ३९० च का? मी ओहमचा नियम लावायला बसलो तर एलईडीचा रेझिस्टन्स कुठेच लिहिलेला सापडेना. मल्टिमीटरने मोजायला गेलो तर एकीकडून ओएल आणि प्रोब उलटे केले तर भलताच आकडा. सरांनी सूत्र दिलंय, त्यात बॅटरीच्या व्होल्टेजमधून २ वजा करतात. ते वजा का करायचे हेच कळत नाही. परीक्षेत लिहिता येईल, पण मला समजून घ्यायचंय.

कडकभाकरी
दिवंगत एलईडीस भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या हॉस्टेलवर अशा हुतात्म्यांची शेंगाचटणीच्या बरणीत सोय केलेली असायची.

वायरमन_बाळू
सोपंय भावा. एलईडी २ व्होल्टची, तू दिलास ९. व्होल्टेज जास्त झालं, उडाली. रेझिस्टर मधले ७ व्होल्ट खातो आणि एलईडीला २ उरतात. म्हणून वजाबाकी. सप्लायच बरोब्बर २ व्होल्टचा असेल तर रेझिस्टर लागतच नाही. आणि एक ध्यानात ठेव, रेझिस्टर कायम प्लसच्या बाजूला. मायनसला लावलास तर करंट आधी एलईडीत घुसतो, मग रेझिस्टरचा काय उपयोग?

मागवाला
बरा विषय काढला. आमच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये एलईडी बल्ब चार महिने टिकत नाहीत. त्याला पण हा ३९० चा रेझिस्टर बसवला तर चालंल का? वायरीत मधेच जोडायचा का होल्डरमध्ये?

निवृत्त_निदेशक
मागवाले, आधी तुमचं. कृपा करून तसं काही करू नका. पोरगा विचारतोय ती सुट्टी एलईडी आणि बॅटरी. तुमच्या बल्बमध्ये आत स्वतःचं सर्किट असतं आणि ते २३० व्होल्टवर चालतं. तिथे वायरीत बोटभर रेझिस्टर घालणं म्हणजे आगीला आमंत्रण. शेडमधले बल्ब बहुतेक वेळा उष्णतेने आणि व्होल्टेजच्या चढउतारांनी जातात. त्यासाठी वेगळा धागा काढा.

आता विद्यार्थ्याचं. मी आयटीआयला बरीच वर्षं हेच शिकवलं, आणि पोरं नेमकी तू अडलास तिथेच अडायची. तू ओहमचा नियम चुकीच्या वस्तूला लावतो आहेस. एलईडीला एक ठराविक रेझिस्टन्स नसतोच, त्यामुळे तो शोधून मिळणार नाही. मीटर ओहमच्या रेंजवर स्वतःचा जरासा करंट सोडतो आणि त्या करंटला जे दिसतं ते दाखवतो. दुसरा मीटर घेतलास तर दुसराच आकडा येईल. मीटर डायोडच्या चिन्हावर ठेव. १.७–१.८ च्या आसपास आकडा येईल आणि एलईडी मिणमिणती पेटेलही. तो आकडा तुझ्या कामाचा.

एलईडीची खोड अशी की करंट ५ मिलिअँपियर असो वा २०, तिच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज फारसं हलत नाही. लाल असेल तर १.८ ते २ व्होल्टच्या आसपास, पांढरी किंवा निळी असेल तर ३ ते ३.३. आता बॅटरी, रेझिस्टर आणि एलईडी एकामागोमाग एक जोड. बॅटरीचे ९ व्होल्ट या दोघांत वाटले जाणार. एलईडीने आपले २ ठेवून घेतले की उरलेले ७ रेझिस्टरवरच पडतात, जायला दुसरी जागाच नाही. आणि रेझिस्टर ओहमचा नियम इमानेइतबारे पाळतो. त्याच्यावर ७ व्होल्ट असतील तर त्यातून किती करंट जाणार हे त्याची किंमत ठरवते. वाट एकच असल्यामुळे तोच करंट एलईडीतून जातो. वजाबाकी आपण रेझिस्टरसाठी करतो.

`R = (V - Vf) / I`

यात V बॅटरीचं व्होल्टेज, Vf एलईडीचं आणि I करंट. ५ मिमीच्या साध्या एलईडीला २० मिलिअँपियर ही नेहमीची मर्यादा. ७ भागिले ०.०२ म्हणजे ३५० ओहम. बाजारात सहज मिळणाऱ्या किमतींत ३३० आहे, मग एकदम ३९०. वरचा घ्यायचा, म्हणजे करंट मर्यादेच्या आत राहतो. रंगाच्या पट्ट्या नारिंगी, पांढरी, तपकिरी. दुकानदाराने चोख सांगितलंय.

बाळूराव, रेझिस्टर प्लसला लावा नाहीतर मायनसला, काही फरक पडत नाही. साखळीत सगळीकडे करंट तोच. दोन मिनिटांचं काम आहे, जोडून बघा.

वायरमन_बाळू
निदेशक साहेब, मान तुमचा, पण आमच्या उस्तादाने प्लसलाच शिकवलंय आणि इतकी वर्षं काही बिघडलेलं नाही.

कडकभाकरी
मायनसला लावलं असतं तरी बिघडलं नसतं, हेच तर साहेब सांगतायत बाळूभाऊ. 😀

डिप्लोमा_पहिलं_वर्ष
सर, वजाबाकी कळली, खूप आभार. पण रेझिस्टर नसताना काय झालं? एलईडी जर "माझे २ व्होल्ट" म्हणून अडून बसते, तर बाकीचे ७ गेले कुठे? आणि बाळूदादा म्हणतात तसा अगदी २ व्होल्टचा सप्लाय दिला तर का चालणार नाही? ते अजून मला बरोबरच वाटतंय.

स्मिता_जुळे_सोलापूर
प्रश्न छान विचारलास. आधी ते ७ व्होल्ट. वाटेत रेझिस्टर नसला तरी थोडा विरोध असतोच: बॅटरीच्या आतला आणि एलईडीच्या आतला. नव्या अल्कलाइन ९ व्होल्टच्या बॅटरीत तो एक-दोन ओहम, एलईडीत दहाच्या घरात धर. मग ७ भागिले १२ केलंस तर अर्ध्या अँपियरहून जास्त येतं. म्हणजे मर्यादेच्या पंचवीस-तीस पट. हा हिशोब ढोबळ आहे, कारण इतक्या करंटला एलईडीचं व्होल्टेजही बरंच वर चढतं. पण आत काय झालं असेल याचा अंदाज येतो. चिप तापली, रंग नारिंगीकडे सरकला, आणि मग चिप जळाली किंवा तिच्यावरची केसासारखी तार वितळली. उडालेली एलईडी भिंगाखाली धर. आतल्या वाटीत काळा डाग दिसतो का बघ.

तुझ्या मित्राच्या सेलचं गुपितही यातच आहे. ते नाणं करंट देण्यात फार कंजूष असतं, त्याचा आतला विरोधच दहाच्या पटीत. रेझिस्टर आहे, फक्त तो सेलच्या पोटात आहे. त्याला सांग, एलईडी पेटलेली असताना सेलच्या दोन टोकांवर मीटर लाव. ३ व्होल्ट दिसणार नाहीत, २ च्या जवळपास उतरलेले असतील.

आता बाळूदादांचा २ व्होल्टचा सप्लाय. माझ्याकडे कमी-जास्त करता येणारा सप्लाय आहे. एका लाल एलईडीवर रेझिस्टर न लावता मोजून पाहिलं होतं. १.८ व्होल्टला साधारण ४ मिलिअँपियर, १.९ ला १०, २.० ला २० आणि २.१ ला ३० च्या वर. बघ, एक दशांश व्होल्टने करंट दीडपट ते अडीचपट होतोय. बल्ब असता तर व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढल्यावर करंटही फार तर तेवढाच वाढला असता. शिवाय एकाच पाकिटातल्या दोन एलईडींमध्येच एक दशांश व्होल्टचा फरक सहज असतो. म्हणजे माझ्या एलईडीला जे २ व्होल्ट बरोबर बसले ते तुझ्या एलईडीला जास्त ठरू शकतात.

निवृत्त_निदेशक
स्मिताताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. त्यात मी तापमानाची भर घालतो, कारण आपण सोलापुरात राहतो.

साधा बल्ब तापला की त्याच्या तारेचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे तो स्वतःला आवरतो. एलईडीचं उलट. ती जशी तापते तसं तिला तोच करंट वाहायला लागणारं व्होल्टेज कमी होतं, दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने. समजा २५ अंशांच्या खोलीत तू बाळूरावांचा २ व्होल्टचा सप्लाय जोडलास आणि २० मिलिअँपियर मिळाले. मे महिन्यात पत्र्याखाली, वर स्वतःची उष्णता धरून, चिप ४० अंशांनी जास्त तापली. म्हणजे ८० मिलिव्होल्टचा फरक पडला. सप्लाय हललेला नाही, पण एलईडीच्या दृष्टीने तो आता २.०८ चा झाला. ताईंच्या आकड्यांवरून करंट तिशीकडे जातो. करंट वाढला की ती आणखी तापते, आणखी तापली की आणखी करंट. काही वेळा हे कुठेतरी थांबतं, काही वेळा थांबत नाही.

आता तेच ८० मिलिव्होल्ट ९ व्होल्ट आणि ३९० ओहमच्या जोडणीत घाल. रेझिस्टरवर ७.०० ऐवजी ७.०८ व्होल्ट. भागाकार कर: १७.९ होते ते १८.२ मिलिअँपियर झाले. काहीच फरक नाही. रेझिस्टर जास्तीचं व्होल्टेज खातो हे म्हणणं खोटं नाही, पण त्याचं खरं काम करंट एका जागी धरून ठेवण्याचं. त्यासाठी त्याच्या वाट्याला पुरेसं व्होल्टेज यावं लागतं.

वायरमन_बाळू
बरं, २ व्होल्टचं राहू द्या. पण मग २० मिलिअँपियर कशाला? आजकालच्या एलईडी ५ ला पण डोळे दिपवतात. मी पॅनलच्या इंडिकेटरला सरसकट १ के टाकतो, १२ व्होल्टला. एक पण गेलेला नाही.

स्मिता_जुळे_सोलापूर
हे मात्र बाळूदादांचं शंभर टक्के बरोबर. २० ही वरची मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. १२ व्होल्टला १ के म्हणजे १० मिलिअँपियर, इंडिकेटरला भरपूर.

निवृत्त_निदेशक
घरातल्या इंडिकेटरला हो. उन्हात दिसायला हवं असेल तर १० कमी पडतात, माझा अनुभव.

एमएच१३_रिक्षा
राम राम मंडळी. वाचतोय तेव्हापासून माझंच दुखणं आठवतंय. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी रिक्षाला पांढऱ्या एलईडींची पट्टी घरीच केली होती. तीन-तीन सिरीजमध्ये, प्रत्येक तिकडीला १२० ओहम. हिशोब करूनच टाकला होता: ३.२ गुणिले ३ म्हणजे ९.६, बारातून वजा २.४, भागिले ०.०२, बरोबर १२०. घरी बॅटरीवर झकास. रस्त्यावर काही आठवड्यांत एकेक तिकडी मंद होत गेली, दोन तर पार गेल्या. सूत्र बरोबर असून असं का? एलईडीच डुप्लिकेट होत्या का?

कडकभाकरी
दादा, चूक एलईडीची नाही, रस्त्यांची. आपल्या रस्त्यावरून गेलं की माणसाची पण सोल्डरिंग सुटते.

निवृत्त_निदेशक
रिक्षावाले, सूत्र बरोबर आहे, १२ हा आकडा चुकलाय. इंजिन चालू असताना मीटर लावून बघा. बॅटरी चार्ज होत असते, १४ च्या वर दिसेल, १४.४ पर्यंतही. आता तुमचाच हिशोब पुन्हा करा. १४.४ मधून ९.६ गेले, उरले ४.८. भागिले १२०, म्हणजे ४० मिलिअँपियर. मर्यादेच्या दुप्पट! बॅटरीचं व्होल्टेज फक्त २० टक्के वाढलं, पण रेझिस्टरच्या वाट्याचं २.४ वरून ४.८ झालं. करंट त्याच्यावर चालतो, म्हणून करंटही दुप्पट. पोरा, तुझ्यासाठीही हे उदाहरण चांगलं आहे. वजाबाकीनंतर उरतं ते जितकं थोडं, तितका करंट चंचल.

एमएच१३_रिक्षा
अरेच्चा! मग १२० काढून किती टाकू?

निवृत्त_निदेशक
दोन वाटा आहेत. तिकडीच ठेवायची तर १४.४ धरून हिशोब करा: ४.८ भागिले ०.०२ म्हणजे २४०, त्याच्या वरचा सहज मिळणारा २७०. इंजिन चालू असताना १८ च्या आत राहील. पण इंजिन बंद झालं की २.४ भागिले २७०, जेमतेम ९. उजेड निम्मा झालेला दिसेल.

दुसरी वाट, तीनऐवजी दोनच सिरीजमध्ये लावा आणि ४७० टाका. चालू असताना १४.४ वजा ६.४ म्हणजे ८, भागिले ४७०, १७ मिलिअँपियर. बंद असताना १२. फरक पुष्कळ कमी झाला. किंमत मोजावी लागते ती अशी की एलईडी तेवढ्याच ठेवल्या तर रेझिस्टर दीडपट लागतात आणि रेझिस्टरमध्ये उष्णता जास्त जाते. ८ व्होल्ट गुणिले १७ मिलिअँपियर म्हणजे ०.१४ वॅटच्या आत, पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. पण तो पट्टीच्या प्लॅस्टिकला चिकटवून ठेवू नका.

वायरमन_बाळू
त्यापेक्षा तयार करंट ड्रायव्हर मिळतो, तो बसवा आणि मोकळे व्हा. कुठं रेझिस्टर मोजत बसायचं.

स्मिता_जुळे_सोलापूर
मोठ्या पट्टीला ड्रायव्हर चांगलाच. पण रिक्षेच्या सप्लायवर झटके येतात, तिथे स्वस्तातला ड्रायव्हर एलईडीच्या आधी जातो असं मी पाहिलंय. चार-सहा एलईडींसाठी मी तरी रेझिस्टरच घेईन.

वायरमन_बाळू
चांगला घ्या ना मग, स्वस्तातला कशाला घेता?

मागवाला
सगळे रेझिस्टर वेगवेगळे कशाला? मागच्या दिवाळीला पुतण्याने आकाशकंदिलात दहा लाल एलईडींचे प्लस एकत्र, मायनस एकत्र जोडून सगळ्यांना मिळून एकच टाकला. पेटतात की.

स्मिता_जुळे_सोलापूर
पेटतात, पण सगळ्या सारख्या पेटतात का बघा. समांतर जोडल्यावर सगळ्यांना व्होल्टेज एकच मिळतं, आणि वरचे आकडे आठवा: एक दशांशाच्या फरकाने करंट दीडपट ते अडीचपट. जिला कमी व्होल्टेज पुरतं ती जास्त ओढते, तापते आणि अजून ओढते. ती गेली की तिचा वाटा बाकीच्यांवर येतो. प्रत्येकीला स्वतःचा रेझिस्टर द्या, पुतण्याचा फार तर रुपया-दोन रुपये खर्च वाढेल.

मागवाला
डाव्या बाजूच्या दोन जास्त लाल दिसतात खरं. मला वाटायचं कागद पातळ आहे.

डिप्लोमा_पहिलं_वर्ष
३९० टाकून जोडलं. आधी प्लसला, मग मायनसला, बाळूदादा रागावू नका, दोन्हीकडे उजेड सारखाच. 🙂 एलईडीवर १.९५ व्होल्ट मिळाले. करंट मोजायला वायर सोडवावी लागते आणि माझ्या मीटरचा फ्यूज गेलेला आहे. दुसरा काही उपाय आहे का?

निवृत्त_निदेशक
वायर सोडवायची गरजच नाही. मीटर व्होल्टवर ठेव आणि रेझिस्टरच्या दोन टोकांना लाव. जे येईल त्याला ३९० ने भाग. तोच एलईडीचा करंट. रिपेअरिंगवाले असंच बघतात.

डिप्लोमा_पहिलं_वर्ष
७.०४ आलं. भागिले ३९०, म्हणजे १८ मिलिअँपियर. पण बेरीज ८.९९ येते, बॅटरी तर आधी ९.३ दाखवत होती?

स्मिता_जुळे_सोलापूर
आधी दाखवत होती तेव्हा काही जोडलेलं होतं का? एलईडी पेटलेली असतानाच बॅटरीच्या टोकांवर मोज आणि आकडा इथे टाक. आणि ती बॅटरी नेमकी नवी आहे की त्या पहिल्या प्रयोगातली, तेही सांग.